तंजावर चित्रफलक : जुना कोणता, दुकानातला कोणता

फणसाच्या किंवा सागाच्या फळीवर कापड चिकटवून, त्यावर खडूच्या लेपाने दागिने, प्रभावळ आणि खांब-कमानी उठावदार करून, त्या उठावावर सोन्याचा वर्ख लावून केलेले देवादिकांचे चित्र म्हणजे तंजावर चित्र. तमिळमध्ये याला ‘पलगै पडम’, म्हणजे फळीवरचे चित्र, असेच म्हणतात. लोण्याचा गोळा घेतलेला गुटगुटीत बाळकृष्ण आणि रामाचा पट्टाभिषेक हे यातले नेहमीचे विषय. ही कला तंजावरच्या भोसले राजांच्या काळात, विशेषतः दुसऱ्या सरफोजींच्या कारकिर्दीत (१७९८–१८३२), भरभराटीला आली. १८५५ मध्ये राजा निपुत्रिक वारल्यावर कंपनीने तंजावरची गादी बुडवली. साताऱ्याची गादी त्याच्या सात वर्षे आधी, त्याच सबबीखाली गेली होती.

हा भाऊबंदकीचा धागा साताऱ्यात चित्राचे वय ठरवताना फार अडचण करतो. तंजावरचे घराणे व्यंकोजींचे आणि साताऱ्याचे थोरल्या पातीचे, दोन्ही भोसले. त्यामुळे घरात असा फलक निघाला की तो ‘तंजावरकरांकडून आलेला’ असे बोलणे सहज निघते आणि जुन्या वस्तू विकणारा तेच वाक्य किमतीत मिळवतो. सातारा-सांगलीच्या घरांत हे फलक येण्याची खरी मोठी वाट मात्र दरबाराची नसून रामेश्वर यात्रेची आहे. परतताना तंजावरला बृहदीश्वराचे दर्शन होते आणि देवळाबाहेरच्या दुकानातून एखादे चित्र गाठोड्यात येते. पन्नास वर्षे समईच्या धुरात राहिले की ते पूर्वजांचे दिसू लागते.

वय ओळखायचे तर फलक कसा बनतो ते थर माहीत हवेत. फळीवर चिंचोक्यांच्या खळीने कापड चिकटवतात. त्यावर खडूची पूड आणि डिंक यांचा लेप देऊन, वाळल्यावर तो घोटून गुळगुळीत करतात. मग रेखाटन. दागिन्यांच्या जागी काचेचे खडे बसवून त्यांच्याभोवती दाटसर लेपाने नक्षी उठवतात, उठावावर वर्ख चिकटवतात आणि चेहरे, वस्त्रे, पार्श्वभूमी शेवटी रंगवतात. आजचा चांगला कारागीरही याच क्रमाने जातो. बदलले आहेत ते पदार्थ : फणसाच्या फळीऐवजी प्लायवूड, खळीऐवजी फेव्हिकॉलसारखा पांढरा गोंद, खनिज रंगांऐवजी पोस्टर कलर.

म्हणून परीक्षेचा आधार शैली नव्हे, पदार्थ. चेहऱ्याची ठेवण उत्तम नकलाकार हुबेहूब उतरवतो. मात्र जो पदार्थ अमुक सालाआधी बाजारातच नव्हता तो मूळ थरात सापडला, तर चित्र त्या सालाआधीचे असू शकत नाही. याची उलट बाजू नेहमी विसरली जाते. जुना पदार्थ सापडल्याने चित्र जुने ठरत नाही, कारण पाडलेल्या घराची तुळई, चिंचोक्याची खळ आणि खडू आजही मिळतात. नवेपण एका खुणेने सिद्ध होते. जुनेपण मात्र अनेक खुणा जुळूनही ‘शक्य आहे’ एवढ्यावरच राहते.

लोक सर्वांत आधी सोन्याचे विचारतात आणि वयाच्या दृष्टीने तोच प्रश्न सर्वांत कमी कामाचा आहे. आजही चांगल्या फलकावर २२ कॅरटचा वर्ख लावतात. वर्ख खरा निघाला तर चित्र महागडे आहे एवढेच कळते. वर्खाऐवजी पितळी बेगड असेल तर खड्यांच्या कडेला आणि लेपाच्या भेगांत हिरवट-काळे डाग येतात. सोने काळवंडत नाही, त्याच्या खोलगट भागात फक्त मळ बसतो. बेगडीचा फलक स्वस्तातला हे त्यावरून कळेल, तो केव्हाचा हे कळणार नाही. आम्लाचा थेंब टाकून पाहण्याची सराफी सवय इथे तर मुळीच नको. आम्ल वर्खाखालच्या खडूत उतरते आणि तो फसफसून फुगतो.

उठावाच्या कामाकडे मात्र दहापट भिंगातून निवांत पाहावे. हाताने केलेल्या ठिपक्याला, लेप उचलताना राहिलेले, एका बाजूला बारीक शेपूट असते. मोत्यांच्या सरीतले दोन मोती कधी तंतोतंत सारखे नसतात. देवळाबाहेरच्या स्वस्त मालात हीच सर साच्यातून काढून चिकटवलेली असते. मग पाचव्या मोत्याची चपटी बाजू अकराव्यालाही त्याच जागी दिसते आणि मधेमधे हवेच्या बुडबुड्यांची टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे असतात. चेहऱ्यावर भिंग धरल्यावर रंगीत ठिपक्यांची शिस्तशीर जाळी दिसली तर ते छापील चित्र आहे, त्याला वरून फक्त उठाव चढवला आहे. जुन्या फलकांचा उठाव साधारणपणे बेताचा असतो. बोटाला टोचेल इतका उंच मुकुट दिसला की सावध व्हावे, पण तेवढ्यावरून निकाल देऊ नये.

भेगा आणि किडीची भोके या दोन खुणांची नक्कल सर्वाधिक होते. लाकूड आडव्या अंगाने आकसते, त्यामुळे खऱ्या भेगा फळीच्या रेषांना धरून किंवा दोन फळ्यांच्या सांध्यावर जातात आणि रंग, लेप, वर्ख असे सगळेच फोडतात. भाजून किंवा वॉर्निश तडकवून आणलेल्या भेगा कोळ्याच्या जाळ्यासारख्या सर्वत्र पसरतात, पण उठावाच्या कडेशी येऊन थांबतात. किडीचे भोक वेडेवाकडे आत वळते. ड्रिलचे भोक सरळ असते आणि सगळी एकाच मापाची निघतात. मागच्या बाजूला भोकांऐवजी लांबट उघडी पन्हळ दिसली, तर ती किडीच्या बोगद्याची कापली गेलेली अर्धी बाजू असते. म्हणजे लाकूड आधी किडले आणि नंतर रंध्याखाली गेले. अशी फळी जुनी असते, तिच्यावरचे चित्र तेवढे जुने असेलच असे नाही.

या खुणा एकत्र कशा वाचायच्या ते एका फलकावरून पाहू. साताऱ्यातल्या एका जुन्या पेठेतल्या घरात देवघराच्या भिंतीवर सुमारे पंधरा इंच उंचीचा बाळकृष्ण होता. पणजोबांनी आणला, दीडशे वर्षांचा आहे, असे घरात सांगत. रंग काळपट, काच धुरकट, खालच्या कोपऱ्यात लेपाचा नखाएवढा टवका उडालेला. मागून फळी खऱ्या जुन्या लाकडाची, आणि तिच्यावर वर सांगितल्या तशा दोन पन्हळी.

चौकटीच्या मागच्या कागदावर तंजावरच्या एका दुकानाची चिठ्ठी होती. नाव पुसट झाले होते, पण पत्त्याच्या शेवटी सहा आकडी पिन कोड वाचता येत होता. पिन कोड भारतात १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला, तेव्हा चौकट त्यानंतरची हे नक्की. पण चौकट बदलता येते. जुन्या चित्राला नवी चौकट घालणे हे तर रोजचे काम. म्हणून फलक सावकाश बाहेर काढून त्याच्या कडा पाहिल्या. चौकटीच्या पट्टीखाली झाकलेला रंग स्वच्छ आणि टवटवीत होता, बाहेरचा धुराने मळलेला, आणि या दोहोंमधली रेषा एकच होती. चौकट पूर्वी बदललेली असती तर पट्टीच्या वेगळ्या रुंदीची दुसरी रेषा किंवा खिळ्यांची जुनी भोके बहुधा मिळाली असती. खिळ्यांचाही एकच संच निघाला. म्हणजे हीच चौकट पहिली असावी.

नंतर अंधाऱ्या खोलीत ३६५ नॅनोमीटरचा अतिनील टॉर्च कडेवर धरला. फळीच्या बाजूला दुमडलेले कापड निळसर पांढरे चमकले. कापड शुभ्र दिसावे म्हणून घातली जाणारी रसायने अशी चमकतात आणि त्यांचा वापर दुसऱ्या महायुद्धानंतर सर्रास झाला. कडेवर सांडलेला साबण किंवा वरून लावलेला गोंदही चमकू शकतो, म्हणून टवक्याखाली उघडे पडलेले कापडही तपासले. तिथेही तीच चमक. लेपाखालचे कापड नंतर कोणी बदलत नाही, त्यामुळे ही खूण मूळ थराची झाली. शेवटी चौकटीच्या खाचेत पडलेला लेपाचा कण पाण्याच्या थेंबात ठेवला. डिंकाचा लेप काही मिनिटांत विरघळून पिठासारखा पसरतो. हा कण मऊसर, रबरी झाला पण सुटला नाही. आत पांढरा गोंद होता.

तीन स्वतंत्र खुणा एकाच दिशेला गेल्या आणि चित्र १९७२ नंतरचे ठरले. मग घरातल्या थोरल्या वहिनींना आठवले की सासूबाई रामेश्वरला गेल्या त्या वर्षी कृष्ण आला. पणजोबांनी आणलेली होती ती शेजारची समई. समईचे वय चित्राला चिकटले होते. असे घरोघरी होते आणि त्यात कोणी खोटे बोलत नसते.

या पद्धतीत सर्वांत मोठा धोका डागडुजीचा आहे. फलक पूजेतला असेल तर वर्ख पुन्हा लावलेला असतो, खडे बदललेले असतात, चेहराही कुणी नव्या रंगाने उजळलेला असतो. तेव्हा वरच्या थरात पोस्टर कलर दिसला म्हणून जुना फलक नकली ठरवणे ही उलटी चूक होईल. नवा पदार्थ खालच्या थरात आहे की फक्त वरच्या, हे टवक्याच्या कडेला भिंगातून दिसते. तिथे घडीव थर एकावर एक वाचता येतात, आणि दोन रंगांच्या मध्ये धुराची काळी रेघ असेल तर वरचा रंग बराच नंतरचा. रंगात टायटॅनियम पांढरा आहे का, हे मात्र डोळ्यांना कळत नाही. तो साधारण १९२० नंतरच बाजारात आला, पण तो ओळखायला क्ष-किरणांवर चालणारे यंत्र लागते.

पाण्याच्या थेंबाची परीक्षा आपोआप सुटलेल्या कणावरच करावी. डिंकाचा लेप विरघळतो हेच लक्षात न घेता दसऱ्याच्या साफसफाईत ओल्या फडक्याने पुसलेले, आणि म्हणून नक्षी गेलेले फलक पश्चिम महाराष्ट्रात कमी नाहीत. महाबळेश्वरकडच्या ओल्या हवेत तर खळीला कसर लागते आणि कापड फळीपासून सुटते. बोटाने हलके टिचकी मारल्यावर पोकळ आवाज आला तर ते सुटलेले आहे आणि चौकट उघडण्याआधी जाणकाराला दाखवलेले बरे.

फलक शंभर वर्षांहून जुना ठरला तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली तो पुरावस्तू होतो. घरात ठेवायला हरकत नसते, पण लाकडावरील चित्रे नोंदणीच्या यादीत आहेत. परदेशी पाठवता येत नाही आणि अशा वस्तूंचा व्यापार करणाऱ्याला परवाना लागतो. ‘दोनशे वर्षांचा आहे’ असे सांगून विकणाऱ्याकडे म्हणूनच आधी परवाना आणि नोंदणीचा दाखला मागावा. बहुतेक वेळा तेवढ्यावरच दोनशेची पन्नास वर्षे होतात.