ओठावरचा जर: चुणचुण सुरू झाली की क्रीम, दिवसातून पाच वेळा

ओठाच्या कडेला पाण्याने भरलेल्या बारीक पुळ्यांचा झुपका येतो, त्याला आपल्याकडे कोणी जर उठला म्हणतं, कोणी ताप उतला म्हणतं, इंग्रजीत त्यालाच कोल्ड सोर म्हणतात. हा हर्पीस सिम्प्लेक्स नावाच्या व्हायरसमुळे होतो, बहुतेक वेळा त्याच्या टाइप 1 मुळे. पोटातली उष्णता बाहेर पडते वगैरे जे म्हणतात तसं काही नसतं. बहुतेकांना हा व्हायरस लहानपणीच लागलेला असतो आणि मग तो चेहऱ्याच्या नसेच्या गाठीत, कानाच्या पुढे कवटीच्या आत, आयुष्यभर गुपचूप पडून राहतो. कडक ऊन, ताप, सर्दी, जागरण, पाळी, दाताचं काम असं काही झालं की तो जागा होतो आणि नसेतून खाली ओठापर्यंत येतो. येतो तो बहुतेक वेळा त्याच जागेवर किंवा अगदी शेजारी, म्हणून ज्याला नेहमी होतं त्याला जागा पाठ असते.

पुळी दिसायच्या आधी त्या जागी चुणचुणतं, खाजतं, जरा जळजळतं किंवा ओठ तेवढ्यापुरता ताठ वाटतो. हे काही तासांपासून एक-दोन दिवसांपर्यंत चालतं आणि क्रीमचं खरं काम ह्याच वेळात असतं. कारण असं की ह्या क्रीममधलं ॲसायक्लोव्हिर हे औषध व्हायरसला थेट मारत नाही, तो पेशीत शिरून स्वतःच्या कॉप्या काढत असतो त्या कॉप्या काढणं थांबवतं. गंमतीची गोष्ट म्हणजे औषध चालू करायची पहिली पायरी व्हायरसचंच एक एन्झाइम करतं, त्यामुळे ज्या पेशीत व्हायरस नाही तिथे औषध जवळजवळ स्वस्थ बसतं. पण कॉप्या काढायचा जोर पहिल्या दिवस-दीड दिवसातच असतो, पुळी फुटून खपली धरली की थांबवण्यासारखं फारसं उरत नाही. खपलीवर क्रीम चोपडणारे खूप जण दिसतात, त्यांनी मेहनत घेतलेली असते पण वेळ निघून गेलेली असते. मात्र नुसती लाली किंवा छोटी गाठ आली असेल, अगदी ताजी पुळी असेल, तरी सोडून देऊ नये, उशिरा सुरू करूनही थोडा फायदा झालेला अभ्यासांत दिसलाय.

चुणचुण आणि साधा कोरडा ओठ ह्यातला फरक ओळखायला सोपा आहे, कोरडेपणा सगळ्या ओठाला असतो आणि चुणचुण एका बोटाच्या टोकाएवढ्या जागेत, बहुतेक एकाच बाजूला असते. तोंड येणं म्हणजे गालाच्या किंवा ओठाच्या आतल्या बाजूचे पांढरे फोड, ते वेगळं दुखणं, त्याला हे क्रीम उपयोगी नाही आणि क्रीम तोंडाच्या आत लावायचंही नसतं. तोंडाचा कोपरा फाटतो तेही वेगळं.

आता किती वेळा. ॲसायक्लोव्हिर 5 टक्के क्रीम दिवसातून पाच वेळा, जागेपणी साधारण चार-चार तासांनी, झोपमोड करून लावायची गरज नाही. पाच वेळा कशाला असं प्रत्येकाला वाटतं. तर हे औषध कातडीतून आत फार कमी शिरतं, जेवढं शिरतं ते पेशीत जास्त वेळ टिकत नाही, आणि ओठ म्हणजे चहा, जेवण, जीभ फिरवणं, रुमाल, सगळ्याने पुसली जाणारी जागा. सकाळ-संध्याकाळ लावलं तर मधल्या सात-आठ तासांत व्हायरसला मोकळं रान मिळतं, आणि मग लोक म्हणतात क्रीमने काही होत नाही. पेन्सिक्लोव्हिर नावाचं दुसरं क्रीम काही देशांत मिळतं, ते तर जागेपणी दर दोन तासांनी लावतात, म्हणजे ट्यूबवर जे नाव असेल त्याचंच वेळापत्रक पाळायचं, एकाचं दुसऱ्याला लावायचं नाही.

एक उदाहरण घेऊ. एखादी बाई रविवारी अलिबागला दिवसभर उन्हात होती, मंगळवारी सकाळी 11 ला ऑफिसात खालच्या ओठाच्या उजव्या कडेला ओळखीची चुणचुण सुरू झाली. ट्यूब घरी असेल तर संध्याकाळ होते आणि सात-आठ तास फुकट जातात, म्हणून ज्याला वरचेवर होतं त्याने ट्यूब पर्समध्येच ठेवावी, माझ्या मते सगळ्यात कामाची गोष्ट हीच. तिने 11 ला लावलं, मग 3 ला, 7 ला आणि झोपताना 11 ला, म्हणजे पहिल्या दिवशी चारच वेळा झालं, हरकत नाही. बुधवारपासून सकाळी 7, 11, दुपारी 3, संध्याकाळी 7, रात्री 11. जेवण ह्या वेळांच्या आधी उरकायचं, म्हणजे लावलेलं लगेच पुसलं जात नाही. बुधवारी 3 ची वेळ मीटिंगमध्ये हुकली, 4 ला आठवलं तेव्हा लावलं आणि पुढची 7 ची तशीच ठेवली, दोनदाचं एकदम थापलं नाही. असे चार दिवस, शनिवारपर्यंत. तरी भरलं नाही तर आणखी काही दिवस चालवता येतं, पण दहा दिवसांवर जाऊ नये, तेव्हा डॉक्टरला दाखवायचं.

लावताना आधी हात धुवायचे, मुगाच्या दाण्याएवढं किंवा त्याहून कमी क्रीम बोटावर घ्यायचं, चुणचुणणारी जागा आणि तिच्या भोवतीची थोडी कातडी झाकेल असं हलक्या हाताने टेकवायचं, घासायचं नाही, कारण घासल्याने पुळी फुटते आणि व्हायरस पसरतो. मग परत हात धुवायचे, हे बरेच जण विसरतात आणि त्याच बोटाने डोळा चोळतात. लिपस्टिक, लिप बाम थेट त्या जागी फिरवू नये. लावल्यावर क्षणभर चुरचुरलं तर चालतं, पण आसपास लाल होऊन सुजलं, खाज वाढली तर क्रीम सोसत नाहीये, थांबवायचं.

अपेक्षा मात्र बेताची ठेवावी. 2002 मध्ये छापलेल्या दोन मोठ्या अमेरिकन चाचण्यांत लोकांनी लक्षण जाणवल्यापासून तासाभरात हेच क्रीम दिवसातून पाच वेळा, चार दिवस लावलं, तर दुखणं सरासरी अर्धा दिवस लवकर आवरलं, पुळी येणं काही टळलं नाही. वर्षातून अनेकदा होत असेल किंवा मोठा झुपका येत असेल तर डॉक्टर गोळ्या देतात, त्याही चुणचुणीलाच सुरू करायच्या असतात, आणि त्यांचा उपयोग क्रीमपेक्षा बरा होतो.

आपल्याकडे दोन चुका फार होतात. चुना किंवा टूथपेस्ट लावणं, त्याने कातडी पोळते आणि खपली जास्त दिवस राहते. दुसरी जास्त वाईट, घरात पडलेली खाजेची ट्यूब लावणं, त्यात बहुतेक वेळा स्टेरॉइड असतं, ते तिथली प्रतिकारशक्ती दाबतं आणि व्हायरसचं फावतं, लाली तात्पुरती कमी दिसते आणि पुळ्या पसरतात.

डोळ्याजवळ पुळी आली, डोळा लाल झाला किंवा उजेड सोसेना, तर क्रीमची वाट न बघता त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं, ओठाचं क्रीम डोळ्यात घालायचं नाही. केमोथेरपी चालू असलेल्यांनी किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी क्रीमवर विसंबू नये. आणि चुणचुण जाणवल्यापासून खपली पडून कातडी भरेपर्यंत तान्ह्या बाळाचा पापा घ्यायचा नाही, बारशाला गेलात तरी नाही, कारण पहिल्या काही आठवड्यांच्या बाळाला हा व्हायरस जिवावर बेतू शकतो आणि क्रीम लावलंय म्हणून तो पसरायचा थांबत नाही.