कॅफेतले वायफाय आणि ऑफिसचा व्हीपीएन : काय झाकले जाते, काय उघडे राहते

आमच्या ग्राहकांमध्ये कर सल्लागार, सीए आणि छोटे व्यावसायिक जास्त आहेत. रिटर्न भरण्याच्या दिवसांत त्यांच्यापैकी बरेच जण दोन क्लायंटच्या मधल्या वेळेत कॅफेत लॅपटॉप उघडून बसतात. ऑफिसच्या सर्व्हरवरची फाइल बाहेरून उघडता यावी म्हणून त्यांच्या लॅपटॉपवर आम्ही वायरगार्ड हा व्हीपीएन बसवून दिलेला असतो. "व्हीपीएन चालू केला म्हणजे आता कुणी काही बघू शकत नाही ना?" असे आम्हाला वरचेवर विचारले जाते. व्हीपीएन राखण करतो ती चालू झाल्यापासून, त्याच्यातून जाणाऱ्या माहितीपुरती आणि ऑफिसच्या राउटरपर्यंत. हे प्रत्यक्षात कसे घडते, ते पुढे सांगितले आहे.

व्हीपीएन नसताना कॅफेत काय दिसते

बँक, जीएसटी पोर्टल, जीमेल, व्हॉट्सअ‍ॅप वेब यांचा मजकूर आज लॅपटॉपमधून बाहेर पडतानाच कुलूपबंद होतो. पत्त्याच्या सुरुवातीला https:// असते ते त्यासाठीच. त्यामुळे शेजारच्या टेबलावरच्या माणसाला तुमचा पासवर्ड हवेतून उचलता येईल, ही भीती या साइटपुरती बाजूला ठेवा. 2010 मध्ये फायरशीप नावाचे एक ब्राउझर अ‍ॅड-ऑन आले होते. त्याने कॅफेत बसून दुसऱ्याच्या फेसबुक खात्यात शिरता येत असे, कारण तेव्हा लॉगिननंतरची पाने उघड्यावर जात होती. ती वाट आता मोठ्या साइटवर बंद झाली आहे.

उरते ते एवढे: तुम्ही कोणती साइट उघडली तिचे नाव, किती वेळ आणि किती डेटा. gst.gov.in उघडल्याचे दिसते, आत कोणाचे रिटर्न भरले ते दिसत नाही. काउंटरवरच्या पाटीवर वायफायचा पासवर्ड लिहिलेला असेल, तरी त्याने फारसा आडोसा होत नाही. अजून अनेक ठिकाणी चालणाऱ्या डब्ल्यूपीए2 पद्धतीत, तोच पासवर्ड माहीत असलेल्या माणसाने तुमचा लॅपटॉप जोडला जातानाची देवाणघेवाण टिपली, तर वायफायचे कुलूप त्याला उघडता येते. आतले https चे कुलूप मात्र शाबूत राहते.

खरा धोका असतो तो ज्यांना स्वतःचे कुलूप नाही अशा गोष्टींना. ऑफिसमधला जुना हिशेबाचा सर्व्हर, शेअर केलेला फोल्डर, कॅमेऱ्यांचा डीव्हीआर, http:// ने उघडणारे प्रिंटरचे पान. ऑफिसचा व्हीपीएन आम्ही बसवतो तो मुख्यतः यांच्यासाठी. तो असला की यांतले काहीच थेट इंटरनेटवर उघडे ठेवावे लागत नाही.

व्हीपीएन चालू होण्याआधीची दोन मिनिटे

कॅफेचे वायफाय जोडले की आधी लॉगिनचे पान येते. आपल्याकडे त्यात बहुधा मोबाइल नंबर आणि ओटीपी मागतात. हे पान पूर्ण होईपर्यंत इंटरनेट सुरू होत नाही, म्हणून व्हीपीएनही जोडला जात नाही. म्हणजे हा टप्पा तुम्ही व्हीपीएनशिवायच पार करता, आणि तुमचा नंबर कॅफेच्या वायफाय पुरवठादाराकडे जातोच. पुढे व्हीपीएन कितीही नीट चालला, तरी या नंबरचा माणूस या वेळी इथे होता ही नोंद राहते.

फसवणुकीची जागाही हीच. कॅफेच्या नावाचेच दुसरे वायफाय कुणीही उभे करू शकतो. छोटे उपकरण बॅगेत मावते आणि तुमच्या यादीत नाव अगदी तेच दिसते. 2024 मध्ये ऑस्ट्रेलियन फेडरल पोलिसांनी एका माणसावर नेमके हेच केल्याबद्दल गुन्हे दाखल केले. विमान कंपनीच्या कर्मचाऱ्यांना देशांतर्गत उड्डाणात एक संशयास्पद वायफाय दिसले होते. पोलिसांच्या म्हणण्याप्रमाणे त्याला जोडणाऱ्या प्रवाशांपुढे खोटे लॉगिन पान येई आणि ते ईमेलचा किंवा सोशल मीडियाचा पासवर्ड मागे. अशा पानावर व्हीपीएन काही करू शकत नाही. तो तेव्हा चालूच झालेला नसतो, आणि पासवर्ड तर माणूस स्वतःच्या हाताने टाइप करत असतो.

म्हणून आमचा आग्रह असा, की वायफायच्या पानावर जीमेल, फेसबुक किंवा दुसऱ्या कुठल्याही खात्याचा पासवर्ड कधीही टाकू नका. तो मागितला की ते वायफाय सोडा. ओटीपीचा एसएमएस पूर्ण वाचा. त्यात वायफायऐवजी बँकेचे किंवा व्हॉट्सअ‍ॅपचे नाव असेल, तर समोरचे पान तुमच्या दुसऱ्याच खात्याचे दार उघडू पाहत आहे. "हे अ‍ॅप उतरवा" किंवा "हे सर्टिफिकेट बसवा" असे सांगणारे पानही तसेच बंद करा. सर्टिफिकेट बसवले की https चे कुलूप दुसऱ्याच्या किल्लीने उघडण्याची परवानगी तुम्हीच दिल्यासारखे होते.

लॉगिनचे पान आपोआप आले नाही, तर ब्राउझरमध्ये neverssl.com टाका. या साइटवर मुद्दाम https ठेवलेले नाही, त्यामुळे कॅफेचा राउटर तिला अडवून स्वतःचे पान दाखवू शकतो. अशा वेळी बँकेची साइट उघडून बघू नका. सर्टिफिकेटचा इशारा येईल, आणि "पुढे जा" दाबण्याची सवय लागणे फार वाईट.

"Active" दिसते, पण जोडले आहे का?

वायरगार्डच्या खिडकीत "Active" लिहिलेले असते, त्यावर विसंबू नका. समोरून काही उत्तर आले नसले तरी तो शब्द दिसतो. खाली "Latest handshake" ही ओळ शोधा. तिथे काही सेकंद किंवा एक-दोन मिनिटांपूर्वीची वेळ असेल तर व्हीपीएन खरोखर जोडलेला आहे. ओळच नसेल, किंवा काम चालू असूनही वेळ बरीच जुनी दाखवत असेल, तर नाही. काही कॅफेंचे राउटर वायरगार्ड वापरतो तो यूडीपी प्रकारचा डेटा अडवतात, तेव्हा असे होते. तिथे फोनचा हॉटस्पॉट लावणे हाच सरळ उपाय.

आता एक उदाहरण. एका कर सल्लागाराच्या ऑफिसचा सर्व्हर 192.168.1.10 वर आहे. लॅपटॉपमधल्या व्हीपीएनच्या फाइलमध्ये आम्ही ही ओळ ठेवली आहे:

```
AllowedIPs = 192.168.1.0/24
```

अर्थ असा, की फक्त ऑफिसच्या पत्त्यांकडे जाणारा डेटा व्हीपीएनमधून जाईल, बाकी सगळा कॅफेच्या वायफायवरून सरळ. सल्लागार सर्व्हरवरची फाइल उघडतात, ती झाकलेली. त्याच वेळी ब्राउझरमध्ये जीएसटी पोर्टल आणि मेल उघडतात. त्यांना https आहे, पण व्हीपीएन नाही. साइटची नावे कॅफेला दिसतात. व्हीपीएन मधेच तुटला तर ब्राउझर नेहमीसारखा चालत राहतो, त्यामुळे ते लक्षातही येत नाही.

आणखी एक घोटाळा इथेच होतो. कॅफेच्या राउटरनेही 192.168.1 ने सुरू होणारे पत्ते वाटले असतील, तर "192.168.1.10" म्हणजे ऑफिसचा सर्व्हर की कॅफेतला कुणाचा फोन, हा गोंधळ होऊ शकतो. हँडशेक व्यवस्थित दिसतो आणि फाइल मात्र उघडत नाही. हे टाळण्यासाठी नव्या ग्राहकांच्या ऑफिसला आम्ही सहसा न आढळणारे, उदाहरणार्थ 10.47.12 ने सुरू होणारे पत्ते देतो. जुन्या ऑफिसात ते बदलायचे तर प्रिंटर, बायोमेट्रिक यंत्र, कॅमेरे असे सगळेच नव्याने लावावे लागते. त्यासाठी एखादा सुट्टीचा दिवस ठरवून आम्हाला बोलवा.

वारंवार बाहेर बसणाऱ्यांना आम्ही दुसरी मांडणी सुचवतो:

```
AllowedIPs = 0.0.0.0/0, ::/0
```

यात लॅपटॉपचा सगळा डेटा आधी ऑफिसमध्ये येतो आणि तिथून बाहेर पडतो. कॅफेला दिसतो फक्त तुमच्या ऑफिसचा आयपी पत्ता आणि डेटा किती गेला ते. विंडोजवर या मांडणीबरोबर "Block untunneled traffic (kill-switch)" हा पर्याय मिळतो. त्यावर खूण असेल तर व्हीपीएन चालू केलेला असताना त्याच्याबाहेरून काहीच जात नाही. त्यामुळेच कॅफेचे लॉगिन पानही उघडत नाही. आधी "Deactivate" करा, लॉगिन संपवा, मग लगेच "Activate". मेल आणि बाकीची कामे त्यानंतर. खात्री करायची तर "what is my ip" असे शोधा आणि तुमच्या ऑफिसचा पत्ता येतो का ते पाहा. वेग थोडा कमी होईल, कारण आता तो ऑफिसच्या ब्रॉडबँडच्या अपलोडवर ठरतो.

अँड्रॉइड फोनवर सेटिंगमधल्या व्हीपीएनच्या यादीत नावाशेजारच्या चक्रावर दाबले की "Always-on VPN" आणि "Block connections without VPN" हे पर्याय दिसतात. काही कंपन्यांच्या फोनवर त्यांची जागा वेगळी असते.

ऑफिसच्या पुढे काय

ऑफिसच्या राउटरमधून बाहेर पडल्यावर तुमचा डेटा रोजच्या ब्रॉडबँडवरूनच जातो. साइटला तुम्ही कोण ते लॉगिनमुळे कळतेच. "तुमचा रिफंड अडकला आहे" अशा खोट्या मेलमधली लिंक व्हीपीएनमधूनही तितक्याच सहज उघडते, आणि लॅपटॉपमध्ये आधीच शिरलेला व्हायरस व्हीपीएनमधून तुमच्या ऑफिसपर्यंतसुद्धा पोहोचू शकतो. त्यासाठी अँटिव्हायरस आणि दोन टप्प्यांचे लॉगिन हे वेगळे उपाय आहेत, आणि ते आम्ही वेगळेच लावतो.

फुकट मिळणाऱ्या व्हीपीएन अ‍ॅपबद्दल आमचे मत स्पष्ट आहे: कामाच्या लॅपटॉपवर नको. कॅफेला जे दिसत होते ते आता त्या कंपनीला दिसते. फेसबुकच्या मालकीचे ओनावो प्रोटेक्ट हे अ‍ॅप माहिती सुरक्षित ठेवण्याच्या नावाखाली लोकांच्या फोनवर होते, आणि लोक कोणती अ‍ॅप किती वापरतात ही माहिती ते फेसबुकला पुरवत होते. 2023 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या न्यायालयाने त्याबद्दल 2 कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. पैसे देऊन घेतलेल्या सेवेतही विश्वास कॅफेवरून कंपनीवर सरकतो, एवढे लक्षात ठेवा. भारतात सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल 2022 च्या आदेशानुसार अशा कंपन्यांना ग्राहकांची नावे, पत्ते आणि दिलेले आयपी पत्ते किमान 5 वर्षे जपून ठेवावे लागतात. स्वतःच्या कर्मचाऱ्यांसाठी चालवलेल्या ऑफिसच्या व्हीपीएनला ही अट नाही.

बँकेच्या आणि यूपीआयच्या कामासाठी फोनचे वायफाय बंद करून मोबाइल डेटा वापरा. काही बँकांची अ‍ॅप व्हीपीएन चालू असताना उघडत नाहीत, आणि मोबाइल डेटा असेल तर कॅफेचा प्रश्नच उरत नाही.

उठताना त्या वायफायवर "Forget" करा, म्हणजे त्याच नावाच्या दुसऱ्या वायफायला लॅपटॉप पुढे आपोआप जोडला जाणार नाही. आणि लॅपटॉप चोरीला गेला किंवा कुठे राहिला, तर पोलिसांकडे जातानाच आम्हालाही फोन करा. वायरगार्ड चालू करताना वेगळा पासवर्ड मागत नाही, त्याची किल्ली लॅपटॉपमध्येच असते. ऑफिसच्या राउटरमधून त्या लॅपटॉपची नोंद आम्ही काढून टाकली, की त्या किल्लीने आत येता येत नाही. बाकीच्या लॅपटॉपना त्याचा काही त्रास होत नाही.