खाडी, घाट आणि घाटमाथा: प्राचीन राज्यांवरच्या एका प्रश्नाची पार्श्वभूमी

‘नद्या, पर्वत आणि किनारपट्टी यांनी प्राचीन राज्यांचा उदय, संरक्षण आणि व्यापार यांना कसा आकार दिला?’ हा प्रश्न राज्यसेवा परीक्षेत वर्षानुवर्षे तुकड्यातुकड्यांनी विचारला जायचा. नाणेघाट कोणत्या दोन ठिकाणांना जोडतो, प्रतिष्ठान कोणत्या नदीकाठी, सोपारा कुठल्या जिल्ह्यात, आणि खाली चार पर्याय. मुख्य परीक्षा वर्णनात्मक करण्याचा निर्णय 2022 मध्ये जाहीर झाला, पुण्यात उमेदवार रस्त्यावर उतरले, अंमलबजावणी 2025 पर्यंत पुढे गेली. आता त्याच तुकड्यांचा सलग युक्तिवाद मांडावा लागतो आणि अडचण तिथेच येते. कऱ्हाड-सांगलीच्या अभ्यासिकांमधून लिहिली जाणारी सराव उत्तरे बहुधा तीन कप्प्यांत पडतात: नद्यांनी शेती दिली, डोंगरांनी संरक्षण दिलं, किनाऱ्याने व्यापार दिला. विधानं चूक नाहीत, पण अशी कप्प्यात बसवली की राज्य का उभं राहिलं हे उत्तरातून कळतच नाही. दख्खनच्या पश्चिम कडेला ही तिन्ही अंगं एकाच वाटेवर येतात. खाडीच्या टोकाचं बंदर, तिथून वर चढणारा घाट आणि घाटमाथ्यावरून पूर्वेकडे उतरणारं नदीचं खोरं, अशी ती वाट आहे. ही अख्खी वाट ज्याच्या हाती, त्याच्याकडे राज्य.

आपल्याच सातारा जिल्ह्यातली एक वाट घेऊ. कोयना महाबळेश्वरात उगम पावते आणि इतर नद्यांसारखी लगेच पूर्वेला न वळता सह्याद्रीच्या रांगेला समांतर दक्षिणेकडे धावते. हेळवाकजवळ ती काटकोनात पूर्वेला वळते आणि पाटणवरून कऱ्हाडला येऊन कृष्णेला मिळते. हेळवाकचं हे वळण नेमकं कुंभार्ली घाटाच्या माथ्यावर आहे. घाट उतरला की चिपळूण, आणि चिपळूणपासून वाशिष्ठीची खाडी थेट दाभोळच्या समुद्राला जाते. म्हणजे समुद्रावरून आलेल्या माणसाला एकच कडा चढायचा असतो; वर पोचल्यावर कोयनेचं खोरं त्याला कृष्णाकाठच्या सपाटीवर आणून सोडतं. तो कडा किती उभा आहे हे विसाव्या शतकात साऱ्या महाराष्ट्राला दिसलं. कोयनेचं पाणी बोगद्यातून पश्चिमेला सोडून पोफळीला वीज तयार होते आणि तेच पाणी पुढे वाशिष्ठीला मिळतं. इतक्या कमी अंतरात इतकी उतरण असल्यामुळेच ते शक्य झालं. बैलाच्या पाठीवर गोण्या लादून तीच उतरण पार करायची असेल, तर चालण्याजोग्या वाटा मोजक्याच उरतात. आषाढ-श्रावणात तर त्याही बंद.

कऱ्हाड का मोठं झालं याचं उत्तर या भूगोलात आहे आणि त्याला लेखी पुरावाही आहे. मध्य भारतातल्या भारहुतच्या स्तूपावर ‘करहकट’ निगमाच्या, म्हणजे व्यापारी नगराच्या, दानाची नोंद आहे. हे नगर म्हणजे आपलं कऱ्हाड, असं मानलं जातं. त्याहून बोलका लेख कोकणातल्या कुडे लेण्यात आहे. राजपुरीच्या खाडीजवळच्या त्या डोंगरात एक लेणं ‘करहाकड’च्या एका लोखंडाच्या व्यापाऱ्याने दान दिलं आहे. घाटावरच्या लोखंड्या व्यापाऱ्याचं खाडीकाठी इतकं वजन आणि इतका पैसा असावा की तो डोंगरात लेणं कोरवून घेतो! उत्तरात दहा ओळी व्यापाराच्या महत्त्वावर खर्च करण्याऐवजी हा एक लेख लिहावा. कऱ्हाडजवळ आगाशिवाच्या डोंगरातली साठेक लेणीही याच व्यापारी वस्तीच्या जोरावर उभी राहिली असणार.

पावसाचा मुद्दा थोडक्यात. महाबळेश्वरात वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर त्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. जुन्नर, नाशिक, कऱ्हाड, कोल्हापूर ही जुनी नगरं या दोन टोकांच्या मधल्या पट्ट्यात आहेत. तिथे शेतीला पुरेसा पाऊस आहे, जंगल हटवता येतं आणि घाटमाथा हाकेच्या अंतरावर आहे.

आता या विषयातला सर्वांत वादाचा मुद्दा. पाठ्यपुस्तकं तो एका ओळीत उरकतात, पण खरं तर सगळा प्रश्न त्याच्यातच आहे. इ.स. पहिल्या शतकातल्या पेरिप्लस या ग्रीक सागरी मार्गदर्शिकेत कल्याणबद्दल दोन वाक्यं आहेत. थोरल्या सातकर्णीच्या काळात, म्हणजे ग्रीक रूपात सारागानुसच्या काळात, कल्याण हे रीतसर व्यापाराचं बंदर होतं. पुढे ते सांदानेस नावाच्या कुणाच्या तरी ताब्यात गेलं, तेव्हापासून तिथे फार अडथळे आहेत. चुकून तिथे लागलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जातात. हा निर्णय घेतला कुणी? एक मत असं की सांदानेस हा सातवाहनच होता, शहर त्याच्याकडे होतं, पण समुद्रावर भडोचच्या क्षत्रपांचं, म्हणजे तिथल्या शक राजांचं, आरमार फिरत होतं आणि तेच जहाजं वळवत होतं. दुसरं मत असं की सांदानेस हाच क्षत्रपांचा माणूस होता आणि आपल्या धन्याच्या बंदराला जकात मिळावी म्हणून त्याने कल्याण मुद्दाम बंद पाडलं.

मला दुसरं मत अधिक पटतं. त्या काळात क्षत्रपांची माणसं घाटमाथ्यावरही होती, हे नाशिक आणि कार्ल्याच्या लेखांवरून स्पष्ट दिसतं. थळघाटाचा माथा आणि बोरघाटाचा माथा हातात असणाऱ्याला कल्याण बंद करायला आरमाराची फारशी गरज नव्हती. पण उत्तर लिहिताना कोणत्याही एका मतावर शिक्का मारू नये. दोन्ही मतांतून निघणारा भौगोलिक निष्कर्ष एकच आहे: बंदर एकाच्या हाती आणि त्याच्या मागचा घाट किंवा पुढचं पाणी दुसऱ्याच्या हाती, अशी फाळणी झाली की वाट मरते. त्याच मार्गदर्शिकेत पैठणचा माल भडोचला गाड्यांवरून नेला जातो आणि पैठण तिथून वीस दिवसांच्या वाटेवर आहे, असं लिहिलं आहे. तेरचा माल त्याहूनही दहा दिवस लांबून येतो. पैठणहून जुन्नर आणि नाणेघाटमार्गे कल्याण कितीतरी जवळ. तरी माल लांबच्या वाटेने जात होता, कारण जवळची वाट अडलेली होती. भूगोल वाट देतो. ती चालू ठेवायची की नाही हे सत्ता ठरवते.

पुढे सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने क्षत्रप नहपानाचा पराभव केला. विजयी राजाने नंतर काय केलं हे पाहण्यासारखं आहे. नाशिकच्या लेण्यात त्याच्या कारकिर्दीच्या अठराव्या वर्षातला, लष्करी छावणीतून काढलेला आदेश कोरलेला आहे. क्षत्रपाच्या जावयाकडे असलेली जमीन आता भिक्षूंना द्यावी, असं तो गोवर्धनच्या अमात्याला कळवतो. कार्ल्यालाही मावळच्या अमात्याला असाच आदेश आहे. गोवर्धन म्हणजे नाशिकचा परिसर, थळघाटाचा माथा. मावळ म्हणजे बोरघाटाचा माथा. म्हणजे लढाईनंतर लगेच दोन्ही घाटांच्या तोंडाशी नव्या राजाचा शब्द चालू लागला. सिन्नर तालुक्यात जोगळटेंभी इथे 1906 मध्ये क्षत्रपाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली, त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर या राजाने आपला ठसा मारलेला होता.

नद्यांची दुसरी बाजू बहुतेक उत्तरांत येतच नाही. पूर्वेला वाहणाऱ्या गोदा-कृष्णेकाठून वाट चालते, पण पश्चिमेला उतरणाऱ्या नद्या किनाऱ्याने चालणाऱ्या माणसाला आडव्या येतात. क्षत्रपाच्या त्याच जावयाने दमण, तापी, डहाणू अशा नद्यांवर फुकट तरी, म्हणजे होड्या, चालवल्याची नोंद नाशिकच्या लेखात आहे. भडोच आणि सोपाऱ्याला धर्मशाळा बांधल्याचीही आहे. दानधर्म म्हणून ते पुण्यकर्म होतंच, शिवाय भडोच ते सोपारा हा किनारी रस्ता तरींशिवाय तुटक राहिला असता.

संरक्षणाच्या भागावर सातारकर उमेदवाराचा हात सैल सुटतो आणि उत्तर थेट प्रतापगडावर जाऊन थांबतं. ते समजण्यासारखं आहे. 1656 मध्ये जावळी घेतली ती वाई ते महाड या घाटवाटांसाठी, आणि 1659 मध्ये विजापूरच्या मोठ्या फौजेला त्याच अडचणीच्या दरीत यावं लागलं, जिथे घोडदळाचा आणि संख्येचा उपयोग उरला नाही. त्याआधीही कऱ्हाड-कोल्हापूरच्या शिलाहारांची सत्ता वाटांवर आणि डोंगरी किल्ल्यांवर उभी होती. तेराव्या शतकाच्या सुरुवातीला यादवांनी शेवटच्या शिलाहार राजाचा पाडाव केला तोही पन्हाळ्यावर. पण प्रश्न प्राचीन राज्यांचा आहे. वसंतगड, सदाशिवगड, दातेगड आज कऱ्हाड-पाटणच्या वाटेवर नजर ठेवून उभे आहेत म्हणून ते सातवाहनांचे, असं लिहिणं टाळावं. आज दिसणारं तटबुरुजांचं काम मध्ययुगीन आहे. सातवाहन काळाचा भक्कम पुरावा घाटाच्या तोंडाशी कोरलेली लेणी, लेख आणि पाण्याची टाकी असा आहे. नाणेघाटाच्या माथ्यावरच्या लेण्यात सातवाहन राणीने यज्ञांची आणि त्यांत दिलेल्या गायी, घोडे, हत्ती, कार्षापणांची लांबलचक यादी कोरून घेतली, ती वाटसरूंच्या नजरेसमोर. आपण इथले धनी आहोत हे सांगायला यापेक्षा योग्य जागा नव्हती. तिथल्या दगडी रांजणात जकातीची नाणी टाकत असत ही गोष्ट मात्र परंपरेने आलेली आहे. लेखात तिचा उल्लेख नाही, त्यामुळे उत्तरात ‘असे सांगितले जाते’ एवढंच लिहावं.

शेवटचा मुद्दा परीक्षक हमखास शोधतात: भूगोलानेच राज्यं घडवली का? घोड नदीकाठच्या इनामगावला इ.स.पूर्व दुसऱ्या सहस्रकापासून शेतकरी वस्ती होती आणि इ.स.पूर्व सातशेच्या सुमारास ती उठून गेली. तेव्हाही सह्याद्री होता, घाट होते, खाड्या होत्या. पण राज्य उभं राहिलं नाही. ते उभं राहिलं काही शतकांनी, जेव्हा लोखंडाची अवजारं सर्रास झाली, शेतीत शिल्लक उरू लागली, नाणी चलनात आली आणि मोसमी वाऱ्यांवर थेट समुद्र ओलांडणारी जहाजं पावसाळा सरता सरता किनाऱ्याला लागू लागली. घाटाला जकातीची किंमत आली ती खाली जहाज आणि वर माल, दोन्ही असताना. कुडे लेण्यातला कऱ्हाडचा लोखंडाचा व्यापारी याच काळातला आहे.