पहिल्या तारखेचे भाडे आणि त्याचे आजचे मूल्य

पुण्यातील एका फ्लॅटसाठी ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार होत आहे, असे समजू. भाडे महिना २०,००० रुपये असून ते दर महिन्याच्या सुरुवातीला आगाऊ द्यायचे आहे. घरमालक म्हणतात, "सगळे भाडे आजच एकरकमी दिलेत, तर २,२०,००० ऐवजी २,०८,५०० रुपये घेईन." भाडेकरूचे पैसे वर्षाला १२ टक्के, म्हणजे महिन्याला १ टक्का, मिळवून देत असतील, तर हा प्रस्ताव त्याने स्वीकारावा का?

निर्णयासाठी अकराही हप्त्यांचे आजचे मूल्य, म्हणजेच वर्तमान मूल्य, काढावे लागते. एका महिन्याने द्यायच्या रकमेला १.०१ ने एकदा भागायचे, दोन महिन्यांनी द्यायच्या रकमेला दोनदा, आणि याच क्रमाने पुढे जाऊन आलेल्या रकमांची बेरीज करायची. मात्र पहिला हप्ता कधी द्यायचा, हे आधी ठरवावे लागते. प्रत्येक हप्ता महिन्याच्या अखेरीस पडत असेल, तर त्या मालिकेला ऑर्डिनरी अ‍ॅन्युइटी म्हणतात. गृहकर्जाचा हप्ता साधारणपणे असाच, कर्ज मिळाल्यानंतर काही काळाने सुरू होतो. हप्ता महिन्याच्या सुरुवातीलाच द्यायचा असेल, तर ती अ‍ॅन्युइटी ड्यू होय, आणि आगाऊ भाडे या दुसऱ्या प्रकारात मोडते.

आपल्या उदाहरणात भाडे महिनाअखेरीस देय धरले, तर वर्तमान मूल्य २,०७,३५३ रुपये येते. महिन्याच्या सुरुवातीला देय धरले, तर ते २,०९,४२६ रुपये होते. पहिला आकडा खरा मानणारा भाडेकरू मालकांचा प्रस्ताव १,१४७ रुपयांनी महाग समजून नाकारेल, तर दुसरा आकडा पाहणाऱ्याला त्यात ९२६ रुपयांची बचत दिसेल. करारात आगाऊ भाडे लिहिले असल्यामुळे बरोबर आकडा दुसराच आहे.

या दोन आकड्यांतील २,०७३ रुपयांचा फरक नेमका कुठून येतो, हे पाहण्यासारखे आहे. दोन्ही मालिका शेजारी ठेवल्या, तर एक महिन्याने, दोन महिन्यांनी, असे करत दहाव्या महिन्याअखेरपर्यंतचे दहा हप्ते दोन्हीकडे अगदी सारखे आहेत. वेगळा आहे तो एकच हप्ता: आगाऊ भाड्यात तो आज द्यावा लागतो, तर अखेरीस द्यायच्या भाड्यात तो अकरा महिन्यांनी द्यावा लागतो. आजच्या २०,००० रुपयांचे मूल्य पूर्ण २०,०००, आणि अकरा महिन्यांनंतरच्या २०,००० चे आजचे मूल्य १७,९२६. म्हणजे सगळा फरक या एका हप्त्याच्या जागेचा आहे. म्हणूनच मुदत कितीही वाढवली, तरी हा फरक एका महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त होऊ शकत नाही.

दुसऱ्या बाजूने पाहिले, तर आगाऊ मालिकेतील प्रत्येक हप्ता एक महिना अलीकडे आलेला असतो, म्हणून तिचे मूल्य नेमके १.०१ पट भरते. स्वतःचे गणित तपासायला हे गुणोत्तर सोयीचे आहे. त्याहून खात्रीची परीक्षा म्हणजे खाते चालवून पाहणे. महिन्याला १ टक्का देणाऱ्या खात्यात २,०९,४२६ रुपये ठेवले आणि लगेच पहिले भाडे काढले, की १,८९,४२६ उरतात. महिन्याभरात व्याज धरून ते १,९१,३२० होतात आणि दुसरे भाडे निघाल्यावर १,७१,३२० राहतात. असेच पुढे गेल्यास अकरावे भाडे देताच खाते जवळजवळ शून्यावर येते. सुरुवात २,०७,३५३ रुपयांनी केली, तर मात्र शेवटच्या भाड्याच्या वेळी सुमारे २,२९० रुपये कमी पडतात.

ही चूक बहुतेकदा एक्सेलमध्ये होते, कारण `PV` या सूत्रातील शेवटची जागा रिकामी सोडली, तर एक्सेल हप्ते अखेरीस द्यायचे आहेत असेच गृहीत धरते. आगाऊ भाड्यासाठी तिथे 1 लिहावा लागतो:

```
=PV(0.01,11,-20000,0,1)
```

वेळेची चूक सुधारली, तरी व्याजदराची निवड उरतेच, आणि तिचा परिणाम माझ्या मते अधिक मोठा असतो. हेच पैसे वर्षाला ३ टक्के देणाऱ्या बचत खात्यात पडून असतील, तर आगाऊ भाड्याचे वर्तमान मूल्य २,१७,२७७ रुपये होते आणि एकरकमी प्रस्तावातील बचत ९२६ वरून ८,७७७ रुपयांवर जाते. मात्र हे सर्व हिशेब भाडेकरू पूर्ण अकरा महिने राहील, असे धरून केलेले आहेत. बदलीमुळे सहाव्या महिन्यात घर सोडावे लागण्याची शक्यता असेल, तर उरलेल्या महिन्यांचे पैसे परत मिळतील का आणि किती, हे करारात स्पष्ट लिहून घेतल्याशिवाय ९२६ रुपयांच्या बचतीसाठी सगळे भाडे आधी देणे मला योग्य वाटत नाही.