पेट डिपॉझिट वेगळं, पेट चार्ज वेगळा

नागपुरात किरायाच्या घरांचे करार वाचताना एक ओळ मला पुन्हा पुन्हा दिसते: "पाळीव प्राण्याकरिता नॉन-रिफंडेबल डिपॉझिट रु. १०,०००." लिहिणाऱ्याला आपण नेमकं काय घेतलं ते कळलेलं नसतं आणि देणाऱ्याला आपण काय दिलं ते. घर सोडायच्या दिवशी याच ओळीवरून वाद होतो, तोवर दोघांचेही स्वभाव एकमेकांना कळलेले असतात, आणि दहा हजारांसाठी दोन भले लोक बोलेनासे होतात. म्हणून पेट डिपॉझिट आणि पेट चार्ज या दोन गोष्टी एकदा नीट वेगळ्या करतो.

अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स, दोन महिन्यांचं डिपॉझिट, बायोमेट्रिक मशीन घेऊन घरी येणारा एजंट, हे सगळं तुम्हाला माहीत आहे, त्यावर वेळ घालवत नाही. सोसायटीचा प्रश्नही पटकन संपतो. सोसायटीला कुत्रा पाळूच नका म्हणता येत नाही, असं भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. पण घरमालकाने आपल्या करारात प्राण्याला नाही म्हणणं ही वेगळी बाब आहे. सोसायटीचे नियम दाखवून घरमालकाची परवानगी मिळत नाही. आणि परवानगी मिळाली असेल तर ती करारातच यायला हवी. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असणं सक्तीचं आहे, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची. नोंदवलेल्या करारात "प्राणी पाळू नये" असं असेल, तर "काकूंनी तेव्हा चालेल म्हटलं होतं" या बोलण्याला फारसं वजन उरत नाही.

आता मूळ मुद्दा.

पेट डिपॉझिट म्हणजे घरमालकाकडे ठेवलेले किरायेदाराचे पैसे. घर सोडेपर्यंत ते किरायेदाराचेच असतात. घरमालकाला त्यातून काही कापायचं असेल तर काय बिघडलं आणि ते नीट करायला किती लागलं हे त्याने दाखवायला हवं. पेट चार्ज हा दिला त्या दिवशीच घरमालकाचा झाला. तो परत मागायचा नाही, आणि त्याचा हिशोबही विचारायचा नाही.

इथपर्यंत बहुतेकांना कळतं. गफलत पुढे होते. चार्ज देणारा समजतो की आता कुत्र्याने काहीही केलं तरी मी मोकळा. तसं नाही. चार्ज दिल्याने नुकसानीची जबाबदारी आपोआप संपत नाही. करारात "या रकमेत प्राण्यामुळे होणारी साफसफाई व नुकसान अंतर्भूत आहे" असं लिहिलेलं नसेल, तर घरमालक चार्ज खिशात ठेवून दरवाज्याचे पैसे मुख्य डिपॉझिटमधून वेगळे कापू शकतो, आणि करार त्याच्याच बाजूने उभा राहतो. उलट बाजूने डिपॉझिट घेणारा घरमालक समजतो की कुत्रा घरात राहिला एवढ्यावरच ही रक्कम माझी. तसंही नाही. भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम ७४ म्हणतं की करारात भरपाईची रक्कम लिहिली असली तरी मिळते ती वाजवी भरपाई, आणि लिहिलेली रक्कम ही तिची कमाल मर्यादा. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये कैलाशनाथ असोसिएट्सच्या निकालात हे आणखी स्पष्ट केलं: नुकसान झालंच नसेल तर भरपाईही नाही, आणि नुकसान मोजून दाखवता येण्यासारखं असेल तर ते दाखवावं लागतं.

हा फरक सरकारलाही मान्य आहे. लिव्ह अँड लायसन्सचं मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के. ते काढताना मुदतीतला एकूण किराया आणि परत न मिळणारी रक्कम पूर्ण धरतात, परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर मात्र वर्षाला १० टक्के दराने होणारं व्याज तेवढं धरतात. म्हणजे दस्त बनवतानाच ही रक्कम परत मिळणारी की न मिळणारी, हे सांगावं लागतं. शुल्कात पडणारा फरक क्षुल्लक असतो. तरीही एजंट सवयीने सगळी रक्कम परत मिळणाऱ्या डिपॉझिटच्याच रकान्यात टाकतो आणि खाली मजकुरात "नॉन-रिफंडेबल" लिहितो. एकाच दस्तात दोन विरुद्ध गोष्टी! अंगठा देण्याआधी हा रकाना स्वतः वाचा.

एक उदाहरण पूर्ण हिशोबासकट घेऊ. त्रिमूर्ती नगरात पहिल्या मजल्यावरचा टू बीएचके, किराया १५,०००, डिपॉझिट ३०,०००, लॅब्रॅडॉरसाठी वेगळं पेट डिपॉझिट १५,०००. दोन करार मिळून २२ महिने राहिले. सोडताना घरमालकाने यादी दिली: पूर्ण घराचं पेंटिंग २८,०००, बेडरूमचा नवा दरवाजा ६,५००, गॅलरीचा जाळीचा दरवाजा १,८००, साफसफाई ३,०००. एकूण ३९,३००. म्हणजे ४५,००० पैकी परत फक्त ५,७००.

आता एकेक बाब पाहू. भिंतींचा रंग उडणं, खिळ्याची भोकं, खिडकीतल्या कूलरच्या ओलाव्याने निघालेले पोपडे, ही राहण्यातली झीज. नागपुरात मार्च ते जून कूलर चालणार आणि त्याच्याजवळची भिंत ओल धरणार, त्यात कुत्र्याचा संबंध नाही. कुत्र्याचा भाग एकच होता. हॉलच्या ज्या भिंतीला टेकून तो रोज बसायचा, तिथे जमिनीपासून दोन फुटांपर्यंत तेलकट काळा पट्टा उमटला होता. हा डाग नुसत्या रंगाखाली दबत नाही, आधी प्रायमर मारावा लागतो. त्या एका भिंतीचा खर्च २,४०० निघाला. पण रंगही २२ महिने जुना होता. घरातला रंग पाच वर्षं, म्हणजे ६० महिने टिकतो असं दोघांनी धरलं, तर ३८ महिन्यांचा रंग वाया गेला. २,४०० चे ६० भाग करून त्यातले ३८ घेतले की होतात १,५२०.

दरवाजा बदलायची गरजच नव्हती. नखांचे ओरखडे कडीच्या खाली, एका पट्ट्यात होते. सुताराने घासून, लांबी भरून, पॉलिश करायचे १,४०० सांगितले. दुरुस्तीने काम भागत असेल तर नव्या वस्तूची किंमत मागता येत नाही, हे घरमालकांनी लक्षात ठेवावं. जाळी मात्र कुत्र्यानेच फाडली होती, पण फ्रेम शाबूत होती. नुसती जाळी बदलायला ७००, तेही किरायेदाराने कबूल केले. साफसफाईला शून्य, कारण घर झाडून-पुसून दिलं होतं, वास नव्हता आणि घरमालकाकडे खर्चाचं बिलही नव्हतं.

बेरीज ३,६२०. परत मिळायला हवे ४१,३८०.

आता हेच १५,००० "चार्ज" म्हणून गेले असते तर? ते परत आले नसते, आणि करारात अंतर्भूत असल्याची ओळ नसती तर वर हे ३,६२० सुद्धा ३०,००० मधून कापले गेले असते. तोच कुत्रा, तीच भिंत, पण किरायेदाराच्या खिशातून ३,६२० ऐवजी १८,६२० गेले असते.

दुसऱ्या टोकाची चूक किरायेदार करतात. "फार तर डिपॉझिट ठेवून घ्या" असं म्हणून ते उठून जातात. करारात भरपाईची रक्कम म्हणून लिहिलेलं नसेल, तर डिपॉझिट ही जबाबदारीची कमाल मर्यादा नसते. पिल्लाने मॉड्युलर किचनचे खालचे शटर चावून काढले आणि खर्च ४०,००० आला, तर १५,००० च्या पेट डिपॉझिटच्या वरचे पैसेही देणं लागतात. मर्यादा हवी असेल तर ती आकड्यानिशी लिहून घ्यावी. आणि कुत्रा शेजाऱ्याला चावला तर त्याची भरपाई हा किरायेदार आणि शेजारी यांच्यातला प्रश्न आहे. ती डिपॉझिटमधून कापायचा अधिकार घरमालकाला आपोआप मिळत नाही.

"घर जसं दिलं तसंच परत करावं" ही ओळ मला अजिबात मान्य नाही. दोन उन्हाळे काढलेलं कुठलंही घर जसंच्या तसं राहत नाही. त्या ओळीपुढे "नैसर्गिक झीज वगळून" हे शब्द घालून घेतल्याशिवाय सही करू नये.

माझं मत विचाराल तर चार्ज घेऊच नये, आणि पेट डिपॉझिटही वेगळं ठेवू नये. वेगळं ठेवलं की प्रत्येक डागावर कुत्र्याचा की माणसाचा हा वाद निघतो. दरवाज्याची खालची कड पूर्ण रुंदीभर फुगली असेल तर बहुधा ते रोजच्या पोछ्याचं पाणी असतं. एकाच कोपऱ्यात काळं पडून वास येत असेल तर कुत्र्याची लघवी. अल्ट्राव्हायोलेट टॉर्च अंधारात मारली की लघवीचा सुकलेला डाग चमकतो. पण असे शोध लावत बसायचं कशाला? डिपॉझिट एकच ठेवा, हवं तर अर्ध्या महिन्याच्या किरायाने वाढवा, आणि असं लिहा: "परवानाधारकास एक कुत्रा (जात, वय) पाळण्यास संमती आहे. प्राण्यामुळे झालेले, नैसर्गिक झीज नसलेले नुकसान दुरुस्तीच्या प्रत्यक्ष खर्चाइतके, वस्तूचे वय विचारात घेऊन, अनामत रकमेतून वजा होईल. वजावटीची बिले परवानाधारकास दिली जातील. उर्वरित रक्कम ताबा दिल्याच्या दिवशी परत केली जाईल."

बिलं यायला वेळ लागणार असेल तर "ताबा दिल्यापासून १५ दिवसांत" लिहा, पण मुदत कोरी सोडू नका. चावी घेताना दोघांनी मिळून मोबाईलवर व्हिडिओ काढावा, त्यात दरवाज्यांच्या खालच्या कडा, जाळ्या आणि फरशीचे कोपरे जवळून दिसावेत, आणि तो लगेच एकमेकांना पाठवावा. मार्बल असेल तर त्याचा वेगळा फोटो घ्या. मार्बल लघवी शोषून घेतो, त्यावरची चकाकी जाते आणि पुन्हा पॉलिश करावं लागतं. व्हिट्रिफाइड टाइल्सला तो त्रास नाही.

अकरा महिन्यांनी नवा करार होतो तेव्हा एजंट बहुधा जुनाच नमुना उघडतो आणि प्राण्याचं कलम गळून पडतं, किंवा जुन्या डिपॉझिटचा उल्लेखच राहत नाही. नव्या दस्तात "आधीच्या करारातील रु. ४५,००० अनामत रक्कम पुढे नेली आहे" ही ओळ आणि प्राण्याचं कलम दोन्ही आहेत का ते पाहा, आणि जुन्या दस्ताची प्रत दुसरा करार संपून पैसे हातात येईपर्यंत टाकू नका.