१ जानेवारी २०२७, आठवडा मात्र २०२६चा

१ जानेवारी २०२७ला शुक्रवार आहे. भिंतीवर नवं कॅलेंडर लागलेलं असेल, पण आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या हिशेबात तो दिवस २०२६च्या ५३व्या आठवड्यात मोडतो. त्यापुढचे शनिवार-रविवारही तिथलेच. २०२७चा पहिला आठवडा सुरू होतो सोमवारी, ४ जानेवारीला.

वर्षाच्या दिवसांना सातने भागलं की एक दिवस उरतो, लीप वर्षात दोन. त्यामुळे ३१ डिसेंबरला आठवडा क्वचितच संपतो. मग एक तर तो मधोमध तोडायचा, नाहीतर सगळाच्या सगळा एका वर्षाच्या नावे करायचा. मानकाने दुसरा मार्ग घेतला. आठवडा सोमवारी सुरू होतो आणि ज्या वर्षात त्याचे जास्त दिवस पडतात, त्या वर्षाचा होतो. दिवस सात, म्हणजे बरोबरी व्हायचा प्रश्नच नाही. सोमवार ते रविवारच्या मधोमध गुरुवार येतो, म्हणून तो ज्या वर्षातला, त्याच वर्षाचा आठवडा. एवढं लक्षात ठेवलं की बाकी काही पाठ करावं लागत नाही.

आपल्या शुक्रवारचंच बघा. त्या आठवड्यातला गुरुवार ३१ डिसेंबर २०२६, म्हणजे वर्ष २०२६. हा त्या वर्षाचा ३६५वा दिवस. त्याआधी ३६४ दिवस, म्हणजे बरोबर ५२ आठवडे होऊन गेले. म्हणून हा ५३वा. लिहिताना `2026-W53-5`, शेवटचा ५ म्हणजे शुक्रवार. एरवी वर्षात ५२च आठवडे असतात. वर्ष गुरुवारी सुरू झालं, किंवा लीप वर्ष बुधवारी सुरू झालं, तरच ५३ भरतात.

एक्सेलमध्ये याच तारखेला `ISOWEEKNUM` ५३ सांगतं आणि साधं `WEEKNUM` १, कारण ते १ जानेवारीपासूनच मोजायला लागतं. दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत, फक्त एकाच अहवालात दोन्ही वापरू नयेत.

खरा घोळ होतो तो साधं वर्ष आणि आठवड्याचं वर्ष यांची सरमिसळ झाली की. लिनक्सवर हे करून बघा:

```
date -d 2027-01-01 +%G-W%V   # 2026-W53
date -d 2027-01-01 +%Y-W%V   # 2027-W53
```

दुसरं उत्तर धादांत चूक, कारण २०२७मध्ये ५३वा आठवडाच नाही. जावामध्ये `yyyy`ऐवजी `YYYY` लिहिलं तरी अशीच गफलत होते. २९ डिसेंबर २०१४ला ट्विटरचे सर्व्हर २०१५ साल सांगू लागले आणि अँड्रॉइडवरचे अनेक वापरकर्ते लॉग आउट झाले. त्या सोमवारच्या आठवड्यातला गुरुवार होता १ जानेवारी २०१५.

आयएसओच्या हिशेबात दोन्ही वर्षं वेगळी निघू शकतात ती फक्त २९ डिसेंबर ते ३ जानेवारी या दिवसांत. जूनमध्ये कितीही चाचण्या घ्या, ही चूक सापडणार नाही. चाचणीत या सहा तारखा मुद्दाम घालाव्या लागतात, आणि त्याही एकाच वर्षाच्या नव्हेत.