पोझिशनल प्ले (फुटबॉल)

पोझिशनल प्ले म्हणजे मैदानाचे मनातल्या मनात कप्पे पाडायचे, कोणत्या कप्प्यात आपला माणूस असलाच पाहिजे हे बॉल कुठंय त्यावरून ठरवायचं आणि समोरच्या टीमला जागा सोडायला लावायची. स्पॅनिश लोक याला हुएगो दे पोसिसिओन म्हणतात. क्रायफ, वॅन गाल आणि मग गार्डिओला या कोचेसची ही बार्सिलोनाकडची परंपरा आहे. बरेच जण याला टिकीटाका समजतात, पण नुसते पास देत बसणं गार्डिओलालाही आवडत नाही.

मैदान गोलपोस्टच्या दिशेने पाच उभ्या पट्ट्यांत विभागतात: दोन कडेच्या, एक मधली आणि त्यांच्यामधल्या दोन, ज्यांना हाफस्पेस म्हणतात. बायर्न म्युनिकचा कोच असताना तिथल्या प्रॅक्टिस ग्राउंडवर गार्डिओलाने अशा रेषाच आखून घेतल्या होत्या. ढोबळ नियम असा की एका उभ्या पट्टीत दोनपेक्षा जास्त आणि एका आडव्या ओळीत तीनपेक्षा जास्त प्लेयर नकोत, म्हणजे बॉलवाल्याला तिरके पास मिळत राहतात. एकजण दुसऱ्याच्या पट्टीत शिरला की तिथला माणूस निघून मोकळी झालेली जागा भरतो, त्यामुळे जागा तीच राहते, माणूस बदलतो.

2017-18 च्या गार्डिओलाच्या मँचेस्टर सिटीची डावी बाजू बघा. सीझनच्या सुरुवातीलाच मेंडी जखमी झाला आणि मूळचा मिडफिल्डर असलेला डेल्फ लेफ्टबॅक खेळायला लागला. बॉल आपल्याकडे असला की तो बरेचदा कडेला न धावता आत मिडफिल्डर फर्नांडिन्योजवळ यायचा, विंगर साने अगदी टचलाइनला चिकटून उभा आणि डेव्हिड सिल्वा हाफस्पेसमध्ये. आता समोरच्या राइटबॅकने काय करायचं? सानेकडे गेला तर त्याच्या आणि सेंटरबॅकच्या मधे सिल्वाला वाट मिळते, आत थांबला तर साने त्याच्यावर एकटा धावून येतो, आणि सानेचा वेग बघता ते जास्तच वाईट. सानेने काही न करता नुसतं रुंद उभं राहणं हेच इथे अर्धं काम आहे, टीव्हीवर ते दिसतही नाही कारण कॅमेरा बॉलमागे असतो. त्या सीझनला सिटीने 100 पॉइंट काढले.

बिघडतं कुठे ते ओळखणं सोपं आहे. बॉल एका फुलबॅककडून सेंटरबॅककडे, तिथून दुसऱ्या फुलबॅककडे असा नुसता बाहेरून फिरत राहिला आणि डिफेन्सच्या आत कोणाला पासच मिळत नसेल तर जागा धरल्यात पण उपयोग शून्य. दुसरा धोका प्रेसिंगचा, म्हणजे समोरची टीम अंगावर धावून येण्याचा, कारण टीम पसरलेली असते आणि मागे बॉल हिसकावला गेला की सावरायला माणसं कमी पडतात. जानेवारी 2018 मध्ये अ‍ॅनफिल्डवर लिव्हरपूलने हेच केलं, दुसऱ्या हाफमध्ये नऊएक मिनिटांत तीन गोल, त्यातला सालाहचा तर सिटीचा गोलकीपर एडरसनच्या फसलेल्या क्लिअरन्सवर. मॅच 4-3 ने गेली, लीगमधला त्या सीझनचा सिटीचा पहिला पराभव.

आपल्याकडे या पद्धतीच्या जवळचा खेळ बघायचा तर सर्जिओ लोबेराच्या टीम बघाव्यात. बार्सिलोनात काम केलेला हा कोच आधी एफसी गोवाकडे होता, मग मुंबई सिटीकडे गेला आणि 2020-21 ला इंडियन सुपर लीगची लीग शील्ड आणि ट्रॉफी दोन्ही घेऊन आला.